टोफूतले पाणी आणि प्रथिने

शंभर ग्रॅम घट्ट टोफूत साधारण १७ ग्रॅम प्रथिने असतात, मऊ टोफूत ७ आणि रेशमी टोफूत जेमतेम ५. तिन्हींचे मूळ सोयाबीनचे दूधच. फरक पडतो तो पाण्यामुळे. घट्ट टोफूत सुमारे ७० टक्के पाणी असते, मऊमध्ये ८७, तर रेशमीमध्ये ८९.

घट्ट टोफूसाठी दूध फाडून त्याचा चोथा कापडात बांधतात आणि पनीरसारखा वजनाखाली दाबतात. निवळी गळून जाते, प्रथिने मागे राहतात. मऊ टोफूवर दाब कमी पडतो. पाणी वगळून पाहिले, तर घट्टमधल्या ३० ग्रॅम कोरड्या भागात १७ ग्रॅम प्रथिने आणि मऊमधल्या १३ ग्रॅममध्ये ७, म्हणजे दोन्हीकडे निम्म्याहून थोडी अधिकच.

रेशमीचे गणित मात्र किंचित हुकते: ११ ग्रॅममध्ये ५, निम्म्याहून कमी. हा टोफू डब्यातच दह्यासारखा विरजतो, निवळी काढलीच जात नाही. त्यामुळे तिच्यात विरघळलेली साखरही आतच राहते. ‘घट्ट’ या शब्दाचे प्रमाण कंपनीगणिक बदलते, म्हणून पाकिटावरचा प्रथिनांचा आकडाच पाहावा.