एकतारांकित अभिप्राय आणि त्याचा जबाब

(लेखमाला : बाजारपेठ आणि नवे दळणवळण. लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात आपण गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद करून तिची मालकी शाबीत करण्याचा विधी पाहिला. ज्यांनी तो पुरा केला असेल, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आज ना उद्या एखादा एकतारांकित अभिप्राय येणारच आहे. आणि तो वाचल्यावर पहिल्या घटकाभरात मालक जे करतो त्यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असल्यामुळे, हा लेखांक त्या एकाच प्रसंगाला वाहिला आहे.

सडक अर्जुनीच्या बाजारात ज्यांचे नित्याचे येणेजाणे आहे, त्या गिऱ्हाइकांची नाराजी मालकाला छापील अक्षरांत क्वचितच वाचावी लागते. भाजी बिघडली तर आसपासच्या खेड्यांतला माणूस गल्ल्याजवळ उभा राहून ‘भाऊ, आज काही जमलं नाही बा’ एवढे तोंडावर म्हणतो, आणि आठ दिवसांनी पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतो. परंतु मुंबई–कोलकाता महामार्गाने जाणारा प्रवासी, किंवा नागपूरहून भंडारा, साकोली ओलांडून नवेगाव–नागझिऱ्याचे जंगल पाहावयास आलेले कुटुंब, यांचा मुक्काम एका रात्रीचा असतो. समक्ष वाद घालण्यास त्यांना सवड नसते आणि पुन्हा येण्याचे बंधनही नसते. नवेगावचे राष्ट्रीय उद्यान 1975 सालचे आणि नागझिऱ्याचे अभयारण्य त्याहूनही जुने असले, तरी 2013 साली या वनांचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून पहाटेच्या सफारीसाठी आदल्या रात्री उतरणारा हा वर्ग येथील लॉजवाल्यांच्या विशेष परिचयाचा झाला आहे, आणि तक्रार लिहून ठेवणारा वर्गही प्रायः हाच.

उदाहरणासाठी कोहमाऱ्याच्या नाक्याजवळचे एक लॉज कल्पू. एका सोमवारी मालकाच्या फोनवर असा मजकूर येतो : ‘पहाटे साडेचारला गरम पाणी नाही. जादा गादीचे पाचशे रुपये आधी न सांगता बिलात लावले. काउंटरवरचा माणूस उर्मट. जंगल पाहायला येणाऱ्यांनी इथे उतरू नये.’ तारा एक. खाली नाव आहे, परंतु ते टोपणनाव दिसते.

मालकाचा संताप समजण्याजोगा आहे, कारण लहान गावात हा एक तारा फार महाग पडतो. या लॉजला आजवर वीस अभिप्राय आणि साडेचार ताऱ्यांची सरासरी असेल, तर त्या एकविसाव्या अभिप्रायाने ती सुमारे 4.3 वर उतरते. नागपुरातल्या दोनशे अभिप्रायांच्या हॉटेलाला तोच एक तारा मिळाला असता तर त्याची साडेचारची सरासरी डोळ्यांना दिसेल इतकी हलली नसती. ज्याच्याजवळ अभिप्राय थोडे, त्याला प्रत्येक अभिप्राय जड. अशा वेळी पुतण्यांना आणि व्याह्यांना फोन करून पाच-पाच तारे लिहवून घेण्याचा मोह होतो. परंतु अशी बनावट भर गूगलच्या नियमांत बसत नाही, ती काढून टाकली जाऊ शकते, आणि एकाच संध्याकाळी आलेले ‘खूप छान’ असे पाच अभिप्राय वाचणाऱ्याला काय सांगतात हे निराळे सांगावयास नको. मूळ अभिप्रायाबद्दल गूगलकडे तक्रार करण्याची सोय आहे, पण ती शिवीगाळ, जाहिरातबाजी, विषयांतर, हितसंबंधी माणसाचे लेखन अशा नियमभंगांपुरती. ‘हे खरे नाही’ या कारणाने तेथे निवाडा होत नाही. सारांश, मजकूर राहणार, आणि त्याच्याखाली मालकाचा जबाब तेवढा जाणार.

तो जबाब त्याच रात्री लिहू नये. राग हे त्याचे एक कारण खरे. परंतु त्याहून मोठे कारण असे की, चौकशी झाल्यावाचून जबाबात लिहिण्यासारखे मालकाजवळ काहीच नसते. आमच्या लॉजवाल्याने प्रथम मुक्कामाची नोंदवही आणि बिलबुक पुढे ओढावे. शनिवारच्या रात्री जादा गादी एकाच खोलीला दिली गेली आहे, तेव्हा तक्रारदार कोण याची रुजुवात टोपणनाव असूनही होते. मग तीन आरोप तीन निरनिराळे आरोप म्हणून तपासावेत, कारण एकाच अभिप्रायात ते एकत्र आले म्हणून त्यांची योग्यता सारखी ठरत नाही. रात्रपाळीच्या माणसाला विचारता कळते की त्या पहाटे वीज गेली होती, जनरेटर होता, पण डिझेल जपून वापरण्याच्या मालकाच्याच ताकिदीमुळे तो सुरू केला गेला नाही. म्हणजे पहिला आरोप संपूर्ण खरा, आणि त्याचे मूळ नोकरात नसून मालकाच्या हुकुमात. जादा गादीचा दर काउंटरमागच्या दरपत्रकावर लिहिलेला आहे, परंतु खोली फोनवर ठरवताना तो सांगितला गेला नाही. म्हणजे दुसरा आरोप अर्धा खरा, आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिल्यास पुरा. तिसऱ्याबद्दल काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘मी काही बोललोच नाही’. अगदी शक्य आहे की पहाटेच्या त्या घाईत त्याचे न बोलणे हेच उर्मटपणाचे वाटले असावे. याचा निकाल लागण्यासारखा नाही, आणि जबाबात तो लावण्याचा आवही आणू नये.

आता जबाब. रागाच्या भरात सामान्यतः जो लिहिला जातो तो असा : ‘त्या दिवशी लाईट नव्हती, त्याला आम्ही काय करणार? दर बोर्डावर लिहिलेला आहे, वाचायची तसदी घ्यावी. तुम्ही चार माणसे सांगून सहा आणली, तरी आम्ही काही बोललो नाही.’ यातील प्रत्येक विधान कदाचित खरे असेल. परंतु हा जबाब ज्या गिऱ्हाइकाला उद्देशून आहे, त्याच्याखेरीज दुसरा एक मोठा वाचकवर्ग तो वाचणार आहे. पुढच्या शनिवारसाठी खोली शोधणारे ते कुटुंब वादात कोण बरोबर हे पाहत नाही, तर आपली अडचण झाली तर हा मालक आपल्याशी कसा बोलेल एवढेच पाहते. त्यातही मुक्कामाला किती माणसे होती, कोण कोणाबरोबर होते, असा खाजगी तपशील चव्हाट्यावर मांडणे हा सर्वांत वाईट प्रमाद. तो वाचून निर्दोष गिऱ्हाईकही बिचकते. एस.टी. आगारातली तक्रारवही अधिकारी वाचीत असे. ही वही पुढचे गिऱ्हाईक वाचते. आणि मालकाला प्रत्येक अभिप्रायाखाली एकच जबाब देता येतो, तो मागाहून दुरुस्त करता येत असला तरी, हेही ध्यानात ठेवावे; तेथे संवाद होत नाही, निवेदन होते.

दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी, जे लिहावे ते काहीसे असे :

‘नमस्कार. सफारीला निघताना आपल्याला गरम पाणी मिळाले नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. त्या पहाटे वीज गेली होती, पण जनरेटर असूनही तो सुरू केला गेला नाही, ही चूक आमची. यापुढे वीज नसल्यास पहाटे चार वाजता जनरेटर सुरू होईल, अशी व्यवस्था केली आहे. जादा गादीचा आकार खोली ठरवतानाच सांगायला हवा होता; तो न सांगता घेतलेले पाचशे रुपये परत करत आहोत. काउंटरवर काय घडले, हे मला आपल्याकडून ऐकायचे आहे. कृपया लॉजच्या क्रमांकावर फोन करावा. मी स्वतः बोलेन.’ खाली मालकाचे नाव.

या मजकुरात वीजमंडळावर बोट दाखवलेले नाही, कारण वीज जाणे सर्वांना ठाऊक आहे, आणि गिऱ्हाइकाने पैसे खोलीचे दिले होते, सबबीचे नव्हेत. ‘आपल्याला त्रास झाला असल्यास क्षमस्व’ हे सरकारी छापाचे ‘असल्यास’ मुद्दाम टाळले आहे. त्रास झाला हे चौकशीत निष्पन्न झालेले आहे. काय बदलले ते वेळेसह सांगितले आहे, कारण ‘योग्य ती दखल घेतली जाईल’ या वाक्यावर आता कोणाचाच विश्वास उरलेला नाही. परताव्याचा उल्लेख उघडपणे केला तो केवळ एवढ्यासाठी की ती रक्कम मुळात न सांगता घेतलेली होती. पुढच्या मुक्कामाला सूट वगैरे जर मालकाच्या मनात असेल, तर ती येथे लिहू नये, नाहीतर तक्रार करणे हा सवलत मिळवण्याचा मार्ग आहे अशी दवंडीच पिटल्यासारखे होते.

गिऱ्हाईक परत येते ते या जबाबाने नव्हे. जबाबाने फार तर दार उघडते. मन वळते ते फोनवर. आपण होऊन फोन न आल्यास नोंदवहीतल्या क्रमांकावर मालकाने एकदा, एकदाच, सायंकाळी फोन करावा, पहिली दोन-तीन मिनिटे मध्ये न बोलता ऐकावे, आणि पाचशे रुपये कोणत्या क्रमांकावर पाठवावेत एवढे विचारून बोलणे चालू असतानाच ते पाठवावेत. ‘मग आता तो अभिप्राय काढता का?’ हा प्रश्न मात्र त्या फोनवर येता कामा नये. प्रतिकूल अभिप्राय बदलावा वा काढावा म्हणून पैसे अथवा सवलत देऊ करण्यास गूगलच्या नियमांत मज्जाव आहेच. शिवाय त्या एका प्रश्नाने परत केलेली रक्कम लाच होऊन बसते, आणि रागावलेला माणूस मग तीही हकीकत खाली लिहितो. भारतीय मानक ब्यूरोने 2022 साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय.एस. 19000 हे मानक काढले, तेही प्रलोभन देऊन वा बनावट रीतीने मिळवलेल्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठीच.

या खटाटोपाचा काही उपयोग होतो काय? डेव्हिड प्रोसेर्पिओ आणि जॉर्जिओस झर्वास या दोन संशोधकांनी ट्रिपअ‍ॅडव्हायझरवरील हॉटेलांचा अभ्यास करून 2017 साली दाखवले की, मालकांनी जबाब देण्यास आरंभ केल्यावर अभिप्रायांची संख्या सुमारे 12 टक्क्यांनी व सरासरी सुमारे 0.12 ताऱ्याने वाढली. ही वाढ दिसावयास किरकोळ आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय वाटते : प्रतिकूल अभिप्राय थोडे झाले, पण जे आले ते अधिक लांबीचे. कोणीतरी वाचून उत्तर देणार आहे हे कळल्यावर नुसतीच आदळआपट करणारा हात आखडतो, आणि ज्याची तक्रार खरी आहे तो ती तपशिलाने मांडतो. मालकाला हवा असतो तो हाच तपशील.

फोन झाल्यावर काही गिऱ्हाइके आपण होऊन अभिप्राय सुधारतात. एकाचे चार तारे झाले तर आमच्या लॉजची सरासरी पुन्हा जवळजवळ साडेचारवर येते. काही मात्र फोनच उचलत नाहीत, आणि त्यांचा नाद सोडून द्यावा; त्यांच्यासाठी लिहिलेला जबाब दुसऱ्या वाचकवर्गासाठी आपले काम करीतच असतो. जे कुटुंब पावसाळ्यानंतर जंगल उघडल्यावर खरोखरच पुन्हा खोली मागते, त्याच्याशी जुन्या प्रकरणाचा उल्लेख मालकाने आपण होऊन काढू नये, आणि काउंटरवरच्या माणसाला ‘तेच ते’ म्हणून ओळखही करून देऊ नये. जादा गादीचा आकार फोनवर सांगावा, पहाटे चारला गीझर आपल्या हाताने तपासावा, आणि बिल आदल्या रात्रीच तयार ठेवावे.

ज्याचा मुक्काम आपल्या नोंदवहीत कोठेच सापडत नाही अशा माणसाने लिहिलेला अभिप्राय हे प्रकरण निराळे. त्याचा विचार पुढील लेखांकात.