रे, प, सा : जॅझमधला फिरता षड्ज

सन १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘टू फॉर द शो’ नावाचा एक संगीतमय कार्यक्रम आला. तो आज फारसा कोणाच्या लक्षात नाही, पण मॉर्गन लुईस यांनी चाल दिलेलं त्यातलं ‘हाऊ हाय द मून’ हे गाणं टिकलं. १९४६ मध्ये चार्ली पार्कर यांनी याच गाण्याच्या कॉर्ड्सवर नवी चाल बेतून ‘ऑर्निथॉलॉजी’ ध्वनिमुद्रित केलं. १९६० मध्ये एला फिट्झजेराल्ड यांनी बर्लिनच्या मैफलीत ‘हाऊ हाय द मून’ घेऊन त्यावर निव्वळ निरर्थक अक्षरांची लांबलचक तानबाजी केली.

या गाण्याने वादकांना एवढं का ओढलं, ते त्याच्या पहिल्या नऊ बारांत कळतं. बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक खंड. नऊ बार संपेपर्यंत षड्ज दोनदा बदलतो. सुरुवातीला तो पांढरी पाचवर असतो, मग पांढरी चारवर येतो आणि तिथून काळी दोनवर. तरी ऐकणाऱ्याला कुठे धक्का बसत नाही. हे काम जी युक्ती करते तिला जॅझवाले ‘टू-फाइव्ह-वन’ म्हणतात. स्केलमधल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावर उभ्या केलेल्या तीन कॉर्ड्स, याच क्रमाने. आपल्या भाषेत रे, प, सा.

तंबोरा नसताना सा कसा कळतो?

आपल्या मैफलीत सा कुठे आहे हा प्रश्नच पडत नाही. तंबोरा तो अखंड सांगत असतो आणि गायक काहीही करो, कान त्याच्याशी बांधलेला राहतो. जॅझमध्ये असा आधारस्वर नाही. तिथे बास वाजवणारा दर मात्रेला वेगळा सूर छेडत चालतो. मग ‘या क्षणी सा इथे आहे’ हे ठरवायचं ते कॉर्ड्सच्या क्रमानेच.

मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल थाट, सातही स्वर शुद्ध. पांढरी एक हा सा धरला, तर पेटीच्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. यातल्या प्रत्येक स्वरापासून एक सोडून एक असे चार स्वर घेतले की एक कॉर्ड होते. रे वरची कॉर्ड रे-म-ध-सा, तिला ‘डी मायनर सेव्हन’ म्हणतात. प वरची प-नी-रे-म, ती ‘जी सेव्हन’. सा वरची सा-ग-प-नी, ती ‘सी मेजर सेव्हन’. साधारणपणे पहिल्या दोन कॉर्ड्सना एकेक बार आणि शेवटच्या कॉर्डला दोन बार मिळतात. घाई असेल तर पहिल्या दोन एकाच बारात बसवतात.

खालच्या बासचा कणा रे, प, सा एवढाच असतो. रे पासून खालचा प आणि प पासून खालचा सा ही दोन्ही अंतरं षड्ज-पंचम भावाची आहेत. पण खरी गंमत मधल्या स्वरांत आहे.

दोन बोटांचा प्रयोग

घरात पेटी असेल तर हा प्रयोग जरूर करून पाहा. एक हात भात्यावर असल्याने उजव्या हाताची दोनच बोटं मोकळी आहेत असं समजू. तेवढी पुरतात. कोणाला तरी खालच्या सप्तकात सावकाश रे, प, सा गायला सांगा. तो रे लावेल तेव्हा तुम्ही मध्य सप्तकातला म आणि तार सा दाबून धरा. तो प वर गेला की म तसाच ठेवून सा चं बोट नी वर आणा. तो सा वर आला की आता नी तसाच ठेवा आणि म चं बोट ग वर उतरवा. झालं. कॉर्डमधले बाकीचे स्वर वाजवले नाहीत तरी टू-फाइव्ह-वन पुरतं ऐकू येतं.

हे दोन स्वर म्हणजे प्रत्येक कॉर्डमधला तिसरा आणि सातवा. कॉर्डचा स्वभाव तेच सांगतात, कारण मूळ स्वर बासकडे असतो आणि पाचवा स्वर गाळला तरी फारसं बिघडत नाही. प्रत्येक वळणावर एक बोट जागच्या जागी राहतं आणि दुसरं अर्ध्या स्वराने, म्हणजे लगतच्या पट्टीवर, खाली येतं. आधीच्या कॉर्डचा सातवा स्वर उतरून पुढच्या कॉर्डचा तिसरा होतो. न हललेला तिसरा स्वर आपोआप पुढच्या कॉर्डचा सातवा ठरतो.

या तीन जोड्या कानाने तपासा. म आणि तार सा यांत षड्ज-पंचम भाव आहे, जोडी स्वस्थ वाटते. म आणि नी यांच्यात तीन पूर्ण स्वरांचं, म्हणजे बरोबर अर्ध्या सप्तकाचं अंतर आहे. ही जोडी टोचते. ग आणि नी यांत पुन्हा षड्ज-पंचम भाव येतो आणि ताण सुटतो. सातही शुद्ध स्वरांतून कोणतीही जोडी निवडा, असं टोचणारं अंतर फक्त म आणि नी मध्येच सापडतं. म्हणून ही जोडी ऐकू आली की कान सा कुठे असणार याचा अंदाज बांधतो, आणि म खाली ग वर येताच तो अंदाज खरा ठरतो. तंबोऱ्याचं काम इथे दोन बोटांनी केलेलं आहे.

मग रे च्या कॉर्डची गरज काय, थेट म वरून प वर का जात नाही? खरं तर रे-म-ध-सा मध्ये म-ध-सा आहेतच. पण म हा बास असला तर तो एक पायरी चढून प वर जातो. रे असला तर खालच्या पंचमाची उडी दोनदा सलग होते आणि दुसरी उडी पहिलीचीच पुढची पायरी वाटते. शिवाय टोचणारी जोडी येण्याआधी एक बार शांततेचा मिळतो. अख्खं टू-फाइव्ह-वन सातच स्वरांत बसतं, त्यामुळे एकट्याने तान घेणाऱ्यालाही चार बार एकच स्केल पुरतं.

षड्ज सरकतो कसा

आता ‘हाऊ हाय द मून’ कडे वळू. पहिले दोन बार पांढरी पाचवरची मेजर कॉर्ड आहे, कान म्हणतो हाच सा. तिसऱ्या बारात मूळ स्वर तोच राहतो, पण त्याचा गंधार कोमल होतो आणि कोमल निषाद येऊन मिळतो. एवढ्यानेच आत्तापर्यंतच्या सा ची भूमिका बदलते आणि तो पुढच्या सा चा रे होतो. चौथ्या बारात त्या नव्या स्केलच्या प वरची कॉर्ड येते, पाचव्या-सहाव्या बारात नवा सा, पांढरी चार. सातव्या बारात पुन्हा तोच डाव. पांढरी चारचा गंधार कोमल होतो, ती रे होते, आठव्या बारात प आणि नवव्यात सा येतो काळी दोनवर.

दर वेळी षड्ज एका पूर्ण स्वराने खाली जातो, आणि प्रत्येक वेळी जुन्या घराचा उंबरठा हाच नव्या वाटेचा पहिला टप्पा असतो. सराव करणारे याच उताराचा उपयोग करतात. एकेक पूर्ण स्वर खाली जात सहा पट्ट्या झाल्या की चक्र पुरं होतं. मग अर्धा स्वर सरकून उरलेल्या सहा. बाराही पट्ट्यांत हात बसला की पुष्कळशी जुनी गाणी सुट्या कॉर्ड्सच्या यादीसारखी न दिसता अशा तीन-चार ओळखीच्या तुकड्यांत दिसू लागतात.

नवशिक्याचा हात कुठे अडखळतो तेही ऐकून ओळखता येतं. तो प्रत्येक कॉर्ड मूळ स्वरापासून मांडतो. त्यामुळे अख्खा पंजा उड्या मारतो आणि तीन कॉर्ड्स तीन सुटे ठोकळे वाटतात. दुसरी खोट सा च्या बोटाची. प च्या कॉर्डवर ते नी वर न येता तसंच राहिलं तर कॉर्ड गढूळ होते, टोच येतच नाही. त्याच चालीने सा च्या कॉर्डवर म रेंगाळला तर तो ग ला घासतो. उलट रे च्या कॉर्डवर नी ठासून वाजवला तर म-नी ची जोडी एक बार आधीच फुटते आणि प च्या कॉर्डला सांगण्यासारखं काही उरत नाही.

वचन देऊन अडवणं

एकदा ‘रे, प’ ऐकून कानाला सा ची खात्री वाटू लागली की त्याला थांबवूनही ठेवता येतं. ड्यूक एलिंग्टन यांचं १९५३ चं ‘सॅटिन डॉल’ हे त्याचं नमुनेदार उदाहरण. पांढरी एक हा सा धरला तर पहिल्या दोन बारांत रे-प, रे-प असं दोनदा येतं, पण सा येत नाही. पुढच्या दोन बारांत तीच जोडी एक पूर्ण स्वर वर चढते, तिथेही उत्तर नाही. पाचव्या बारात तिसरीच जोडी. सा उजाडतो तो सातव्या बारात.

त्याआधीचा सहावा बार नीट ऐकण्यासारखा आहे. तिथे प ऐवजी कोमल रे वरची सेव्हन्थ कॉर्ड आहे. तिचे स्वर कोमल रे, म, कोमल ध, नी. म आणि नी ची टोचणारी जोडी इथेही तीच. त्या दोघांतलं अंतर अर्ध्या सप्तकाचं असल्याने जोडी उलटी केली तरी अंतर बदलत नाही, आणि म्हणून एकच जोडी दोन वेगळ्या मूळ स्वरांवर बसते. बास मात्र पंचमाची उडी न मारता कोमल रे वरून सा वर घसरतो. चारही स्वर भैरवातले आहेत, त्यामुळे आपल्या कानाला या बारात ओळखीची छटा लागली तर नवल नाही.

दोन टोकं

वीस वर्षं हीच वाट तुडवल्यावर वादकांना तिचा कंटाळाही आला. मार्च १९५९ मध्ये माइल्स डेव्हिस यांनी ‘सो व्हॉट’ ध्वनिमुद्रित केलं. त्यात टू-फाइव्ह-वन नाहीच. सोळा बार एक स्वरक्षेत्र, आठ बार अर्ध्या स्वराने वर, पुन्हा आठ बार मूळ जागी. एकाच जागी इतका वेळ थांबलं की सा आपोआप मनात बसतो, त्याला सिद्ध करावं लागत नाही. हे आपल्या पद्धतीच्या बरंच जवळ आहे.

त्यात सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॉन कोल्ट्रेन यांनी दोनच महिन्यांनी ‘जायंट स्टेप्स’ मध्ये उलटं टोक गाठलं. सप्तकाचे तीन समान भाग करून तीन षड्ज घेतले, त्यांच्यातली ये-जा प-सा आणि रे-प-सा च्या तुकड्यांनी बांधली आणि लय मिनिटाला सुमारे २९० मात्रांची ठेवली. एका बारला एक सेकंदही मिळत नाही आणि त्यात बहुधा दोन कॉर्ड्स असतात. पियानोवर टॉमी फ्लॅनगन होते. त्यांच्यासारख्या मुरलेल्या वादकाची तानही त्या ध्वनिमुद्रणात तुटक होत गेलेली ऐकू येते.

म्हणजे युक्ती तीच असली तरी तिला वेळ लागतो. म-नी ची टोच कानात उतरायला एक बार आणि ग वर ती सुटल्याचं सुख घ्यायला दोन. त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांतल्या बहुतेक गाण्यांनी हे माप पाळलं, आणि त्या मापातच षड्ज इकडून तिकडे नेण्याची मोकळीक त्यांना मिळाली.