डबा मागवण्याआधी

आमच्या गटाने मोबाइलवरून जेवणाचा एक डबा मागवला. माहितीत लिहिलं होतं : तीन कप्पे, ९०० मिली, लीकप्रूफ, मायक्रोवेव्ह सेफ.

डबा आल्यावर आम्ही तो आधी मोजला. एकेक कप्पा पाण्याने भरत वजनकाट्यावर ठेवला. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिली. मोठा कप्पा ५०० चा, लहान दोन २००-२०० चे निघाले. म्हणजे ९०० ही तिन्हींची बेरीज, तीही काठोकाठ. वर थोडी जागा सोडली, तर आमटी जेमतेम वाटीभर मावणार.

मग लहान कप्प्यात हळदीचं पाणी घातलं, झाकण लावलं आणि डबा वर्तमानपत्रावर दहा मिनिटं उलटा ठेवला. कागद कोरडा राहिला, पण आत पाणी शेजारच्या कप्प्यात गेलं होतं. रबराची रिंग झाकणाच्या कडेलाच होती, मधल्या भिंतींवर नव्हती. पिशवी वाचली, पोळ्या मात्र भिजल्या असत्या.

तळाशी त्रिकोणात ५ आकडा होता, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे प्लॅस्टिक गरम अन्नाला चालतं. पण सोबतच्या कागदावर बारीक अक्षरात होतं : झाकण काढूनच मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. स्टीलचा डबा तर त्यात ठेवायचाच नाही.

आम्ही डबा मुदतीत परत केला. आता आधीच विचारतो : प्रत्येक कप्पा किती मिलीचा? कप्पे एकमेकांपासून बंद आहेत का? झाकणही गरम करायला चालतं का?