तिरक्या छपराखाली किती जागा?

कोपऱ्यात बसवलेली एक त्रिकोणी खोली घ्या. दोन भिंती काटकोनात आहेत, एक ४ मीटरची आणि दुसरी ३ मीटरची. तिसरी बाजू तिरकी आहे. कोपरा आरंभबिंदू धरून भिंती X आणि Y अक्षांवर ठेवल्या, की जमीन पहिल्या चरणात येते आणि तिरक्या बाजूचे समीकरण ३x + ४y = १२ होते. छप्पर सपाट पण उतरते आहे. त्याची उंची कुठेही z = ६ − x − y, म्हणजे कोपऱ्यात ६ मीटर आणि दुसऱ्या दोन टोकांना २ आणि ३ मीटर. आतले घनफळ किती?

उंची सगळीकडे सारखी असती, तर क्षेत्रफळाला उंचीने गुणून काम भागले असते. इथे ती पावलागणिक बदलते. म्हणून x एका जागी धरून खोलीचा उभा, अतिशय पातळ काप घेऊ. x = ० पाशी काप ३ मीटर रुंद आहे, त्याची उंची ६ वरून ३ वर उतरते. हा समलंब चौकोनच, क्षेत्रफळ १३.५ चौरस मीटर. x = २ पाशी रुंदी १.५ उरते, उंची ४ वरून २.५ वर येते आणि क्षेत्रफळ ४.८७५ होते. दुहेरी संकलनातले आतले संकलन प्रत्येक x साठी हेच काम करते: y ला ० पासून तिरक्या बाजूपर्यंत, म्हणजे ३ − ३x/४ पर्यंत नेते. ४ − x ला u म्हटले, तर कापाचे क्षेत्रफळ १.५u + १५u²/३२ येते. बाहेरचे संकलन हे सगळे काप x = ० ते ४ पर्यंत जोडते. पहिल्या पदातून १२, दुसऱ्यातून १० मिळतात. एकूण २२ घनमीटर.

विद्यार्थी घसरतात ते मर्यादांवर. y ची वरची मर्यादा सरळ ३ लिहिली, तर त्रिकोणाऐवजी पूर्ण आयत मोजला जातो आणि उत्तर ३० येते. त्याचे निम्मे करून सुटका होत नाही, कारण १५ हेही चूक आहे. आयताचा उरलेला अर्धा भाग छपराच्या उताराकडे आहे. तिथून फक्त ८ मिळतात. शिवाय (४, ३) या कोपऱ्यात z उणे १ होते. तिथे प्रतल जमिनीखाली गेलेले असते आणि संकलन तो भाग वजा धरते. म्हणून आधी कोपऱ्यांवरच्या उंची तपासाव्यात. त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांवर प्रतल जमिनीच्या वर असेल, तर आत कुठेही ते खाली जात नाही. उलट, बाहेरच्या मर्यादेत x किंवा y राहिला, तर उत्तरात संख्येऐवजी अक्षर उरते आणि चूक लगेच दिसते.

ताळा करायला फार सोपी रीत आहे. सपाट प्रतलाची त्रिकोणावरील सरासरी उंची म्हणजे तीन कोपऱ्यांच्या उंचींची सरासरी: (६ + २ + ३) ÷ ३ = ११/३. जमिनीचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. गुणाकार २२. मग संकलनाची खटपट कशाला, असे कोणी विचारेल. छप्पर घुमटासारखे वाकले, की कोपऱ्यांच्या सरासरीवर विसंबता येत नाही. कापांची रीत मात्र तशीच चालते.