पावसाळ्यात उरलेलं सिमेंट : कोणती बोरी वापरायची, कोणती बाजूला काढायची?

नागपुरात घराचं काम बहुतेक वेळा जूनमध्ये थांबतं. पेरणीसाठी मजूर गावी जातात, बकरीदही त्याच दिवसांत आली तर मिस्त्रीही सुटीवर असतात, आणि ते परत येईपर्यंत पाऊस लागलेला असतो. मोमिनपुरा, टेका, ताजबाग, जाफरनगर, कुठेही पाहा, अर्धवट घराच्या एखाद्या खोलीत वीस-तीस-चाळीस बोऱ्या सिमेंट पडून राहतं. दिवाळीच्या सुमारास काम पुन्हा सुरू होतं तेव्हा घरात एकच वाद होतो. मिस्त्री म्हणतो, ‘भाईजान, चाळून घेऊ, चालून जाईल.’ घरातले मोठे म्हणतात, फेकून द्या. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. बोऱ्या कशा तपासायच्या आणि कुठल्या कामाला लावायच्या, ते आम्ही इथे सांगत आहोत.

बंद बोरीतही सिमेंट का बिघडतं?

सिमेंट वाळल्यामुळे घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते दगडासारखं होतं. ही क्रिया सुरू व्हायला बादलीभर पाणी लागत नाही, हवेतला ओलावाही पुरतो. विणलेली प्लास्टिकची बोरी असो की कागदी, तिच्यातून हवा आत जातेच. मजुराने हूक लावून उचललेली बोरी तर भोकांनी भरलेली असते.

ओलावा सगळ्यात आधी बारीक कणांना धरतो. काँक्रीटला सुरुवातीची ताकद देणारे कण हेच असतात. त्यामुळे बोरीत एकही गोळा दिसत नसला, तरी आतली ताकद कमी झालेली असू शकते. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत ठोकळ आकडे असे दिलेले असतात : तीन महिन्यांनी साधारण 20 टक्के ताकद जाते, सहा महिन्यांनी 30 टक्के आणि वर्षभराने 40 टक्के. साठवण चांगली असेल तर घट कमी होते, ओल लागली तर जास्त. म्हणून तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय महत्त्वाच्या कामाला घेत नाहीत.

तारीख बोरीवरच असते

हे तीन महिने सिमेंट तयार झालं त्या आठवड्यापासून मोजायचे. दुकानातून बोरी घरी कधी आली, याला अर्थ नाही. बोरीवर आठवड्याचा क्रमांक आणि वर्ष छापलेलं असतं. नागपूरला चंद्रपूर जिल्ह्यातले गडचांदूर, आवाळपूर, घुग्घुस इथले कारखाने जवळ आहेत, त्यामुळे सिमेंट लवकर पोहोचू शकतं. पण दुकानदाराच्या गोडाऊनमध्ये ते किती दिवस होतं, हे छापील आठवड्यावरूनच कळतं. माल उतरवतानाच तो वाचा आणि वेगवेगळ्या आठवड्यांच्या बोऱ्या वेगळ्या थप्पीत ठेवा. जी आधी आली, ती आधी वापरायची.

थप्पी कशी लावायची?

बांधकाम साहित्य साठवण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस 4082. त्यातले नियम घरच्या कामालाही लागू पडतात. बोरी थेट फरशीवर ठेवायची नाही. खाली लाकडी फळ्या घालून जमिनीपासून सहा ते आठ इंच उंच ठेवायची. बाहेरच्या भिंतीपासून दोन फूट अंतर सोडायचं, कारण पावसाळ्यात ओल भिंतीतूनच येते. एकावर एक दहापेक्षा जास्त बोऱ्या नकोत, आणि आठच्या वर गेल्यास एक थर उभा, एक आडवा असा लावायचा.

पावसाळाभर ठेवायचं असेल तर फळ्यांवर जाड प्लास्टिक पसरा, त्यावर थप्पी लावा आणि तेच प्लास्टिक वरून गुंडाळून घ्या. फक्त वरून ताडपत्री टाकली तर खालून ओल येतच राहते. आणखी एक चूक नेहमी दिसते : ताजा प्लास्टर झालेल्या, रोज पाणी मारलं जाणाऱ्या खोलीतच सिमेंट ठेवलं जातं. बाहेर ऊन असलं तरी त्या खोलीची हवा दमटच असते.

गोळे दोन प्रकारचे असतात

समजा, मार्च 2025 च्या सुरुवातीची, म्हणजे 10 व्या आठवड्याची, 40 बोऱ्या जूनमध्ये उरल्या आणि ऑक्टोबरच्या मध्यात काम सुरू झालं. तीन महिने जूनच्या सुरुवातीलाच संपले होते. आता हे सिमेंट सात महिन्यांचं आहे.

आठ-आठ बोऱ्यांच्या पाच थप्प्या असतील तर प्रत्येकीच्या सगळ्यात खालच्या बोरीवर साडेतीनशे किलो वजन होतं. अशी बोरी बाहेरून कडक लागते, पण तेवढ्याने ती खराब ठरत नाही. तिला जमिनीवर दोन-तीनदा लोळवा. आतलं सिमेंट मोकळं झालं, तर ते फक्त दाबाने बसलेलं होतं. मोकळं झालं नाही, तर बोरी उघडा आणि गोळा अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबा. चुरा होऊन पीठ झालं तर ठीक. खड्यासारखा राहिला, हातोडीनेच फुटला, तर त्यात पाण्याची क्रिया होऊन गेली आहे. असा गोळा कुटून बारीक केला तरी तो पुन्हा सिमेंट होत नाही.

तपासताना वरची एकच बोरी उघडू नका. एक खालची, एक भिंतीकडची आणि एक मधली उघडा. ओल एकसारखी लागत नाही, त्यामुळे 40 पैकी 12 बोऱ्या गेल्या आणि बाकी मोकळ्या राहिल्या, असंही होतं.

चाळलं म्हणजे ताजं झालं?

नाही. चाळणीने खडे निघतात, पण ज्या बारीक कणांना ओल लागली ते चाळणीतून खालीच पडतात. म्हणून चाळलेलं सिमेंट स्लॅब, बीम, कॉलम, पाया आणि पाण्याची टाकी यांना लावू नका. ‘एक घमेलं जास्त टाकू’ हाही उपाय नाही. ताकद नेमकी किती गेली हे माहीत नसताना किती जास्त टाकायचं, हे कोण ठरवणार?

घरी एक साधी परीक्षा करता येते. थोडं सिमेंट पाण्यात घट्ट कालवून काचेवर वडीसारखं थापा आणि ओल्या फडक्याखाली ठेवा. दुसऱ्या दिवशी नखाने सहज उकरलं गेलं, तर ते सिमेंट कामातून गेलं. पण घट्ट झालं तरी ताकद पूर्ण आहे असं सिद्ध होत नाही. हात घालून गार लागतं का, पाण्यात चिमूट टाकली तर तरंगते का, या परीक्षांवरून तर ताकद मुळीच कळत नाही.

खरं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. तिथे ठरावीक वाळूसोबत छोटे ठोकळे करून 3, 7 आणि 28 दिवसांनी दाबून फोडतात. घरकामात नेहमी लागणाऱ्या पीपीसी सिमेंटला 28 दिवसांनी किमान 33 मेगापास्कल ताकद लागते. शेकडो बोऱ्या असतील तर ही तपासणी करून घ्या. चाळीसच असतील तर महिनाभर काम अडवून ठेवणं परवडत नाही.

मग त्या 40 बोऱ्यांचं काय? खडे झालेल्या काढून टाका. मोकळ्या बोऱ्या फरशीखालचा थर किंवा अंगणातली भर अशा वजन न पेलणाऱ्या कामांना महिन्याभरात संपवा. स्लॅबसाठी नवीन सिमेंट मागवा आणि गाडी उतरताना आधी बोरीवरचा आठवडा वाचा.