तिरक्या फोटोतली पाटी कशी वाचावी

दुकानाच्या पाटीचा फोटो बहुतेक वेळा समोरून निघतच नाही. समोर रस्ता असतो, त्यावर वाहनं लावलेली असतात, मागे सरायला जागा नसते. मग माणूस फुटपाथवरच, भिंतीलगत उभा राहून फोटो काढतो. पाटीचं पहिलं अक्षर डोळ्यांत भरतं आणि शेवटचा शब्द उभ्या काड्यांचा जुडगा होऊन बसतो. जुन्या बाजारपेठेच्या छायाचित्रांतून दुकानांची नावं उतरवून घेणाऱ्यांना, हस्तलेखनातल्या अक्षरवळणांचा अभ्यास करणाऱ्यांना आणि पाडलेल्या इमारतींची नोंद ठेवणाऱ्यांना असेच फोटो हाती येतात. पुन्हा जाऊन नीट फोटो काढावा, तर अनेकदा पाटी जागेवर राहिलेली नसते.

अशा फोटोत नक्की काय बिघडतं, हे आकड्यांनिशी पाहू. समजा, पत्र्यावर ब्रशने रंगवलेली ४ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर उंच पाटी आहे. तिच्यावर ‘अंबिका वस्त्र भांडार’ असं लिहिलंय. फोटो काढणारा भिंतीपासून २ मीटरवर उभा आहे आणि पाटीचं डावं टोक त्याच्या उजव्या हाताला २ मीटर पुढे सुरू होतं. कॅमेरा त्याने पाटीच्या मध्याकडे वळवलाय, पण वर कलवलेला नाही. हा फोटो एवढा मोठा छापला, की त्यात पाटीची रुंदी १६ सेंटिमीटर भरेल. आता खऱ्या पाटीचे एकेक मीटरचे चार सारखे भाग करा आणि छापील फोटोत मोजा. पहिला मीटर ७ सेंटिमीटर जागा घेतो, दुसरा ४.२, तिसरा २.८ आणि चौथा जेमतेम २ सेंटिमीटर.

उंचीही घटते, पण इतकी नाही. डाव्या टोकाला पाटी साडेसात सेंटिमीटर उंच दिसते, तर उजव्या टोकाला सव्वातीनच्या जवळपास. म्हणजे उंची सव्वादोन पटींहून थोडी जास्त घटली आणि रुंदी साडेतीन पट. सगळी गोम इथे आहे. लांबचं अक्षर नुसतं लहान होत नाही, ते बारीकही होतं. अक्षर आपल्यापासून दूर असतं म्हणून ते लहान दिसतं. शिवाय तिथे आपली नजर भिंतीला जास्त तिरकी लागते, म्हणून रुंदी आणखी दबते. फोटो नुसता मोठा करून भागत नाही ते यामुळेच. मोठं केलं तरी अक्षर तेवढंच चेपलेलं राहतं.

देवनागरीला हा दाब एका विशिष्ट ठिकाणी बाधतो. आपल्या लिपीत उभ्या दांड्या फार. भ, म, व, स, त यांना दांडी आहे, वर काना म्हणजे आणखी एक दांडी. पेंटरने सगळे फटकारे ६ सेंटिमीटर जाड मारले असतील, तर या फोटोच्या शेवटच्या भागात उभी दांडी सव्वा मिलिमीटरची दिसेल आणि आडवी शिरोरेषा सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. जाडी सारखी असूनही आडव्या रेषा जाडजूड आणि उभ्या सडपातळ होतात आणि अक्षराचं वळणच बदलल्यासारखं वाटतं. शब्दांमधली मोकळी जागाही त्याच प्रमाणात आक्रसते. जवळच्या टोकाला दोन अक्षरांमध्ये जेवढी फट दिसते, तेवढीही फट दूरच्या टोकाला दोन शब्दांमध्ये उरत नाही. ‘वस्त्र’ आणि ‘भांडार’ एकमेकांना चिकटतात.

यावर उपाय आहे आणि तो कागद-पेन्सिलीने करता येतो. फोटोत पाटीचे चारही कोपरे दिसत असतील, तर समोरासमोरचे कोपरे जोडून दोन कर्ण काढा. ते जिथे छेदतात तो पाटीचा खरा मध्य. फोटो कितीही तिरका असला तरी सरळ रेषा सरळच राहते आणि छेदबिंदू छेदबिंदूच राहतो, म्हणून ही युक्ती कधी फसत नाही. आपल्या फोटोत हा मध्य डाव्या टोकापासून ११.२ सेंटिमीटरवर येईल, डोळ्याला वाटेल तसा ८ वर नाही. त्या बिंदूतून पाटीच्या उभ्या कडांच्या दिशेने रेघ मारा आणि दोन्ही अर्ध्यांमध्ये पुन्हा कर्ण काढा. चार भाग मिळतील. त्या चार पट्ट्या आता एकेक सारख्या रुंदीच्या चौकटीत हाताने उतरवून घेतल्या, की अक्षरं पुष्कळशी मूळ प्रमाणात येतात.

मोबाइलमधली कागदपत्रं स्कॅन करणारी अ‍ॅप आणि फोटो सुधारण्याच्या संगणक-प्रणाली हेच गणित करतात. चार कोपरे बोटाने पाटीच्या कोपऱ्यांवर नेऊन ठेवायचे, बाकीचं यंत्र करतं. मात्र पाटी मुळात किती लांब आणि किती उंच होती, हे यंत्राला माहीत नसतं. ते स्वतःच्या अंदाजाने आयत बनवतं आणि अक्षरं कधी बसकी, कधी लांबुडकी निघतात. तेव्हा पाटीवर गोल असणारच अशी एखादी खूण शोधावी. देवाच्या तसबिरीचं गोल कडं, एखाद्या कंपनीचं गोल चिन्ह, असं काहीही चालतं. ते गोल दिसेपर्यंत फोटो आडवा ताणला, की अक्षरांचं प्रमाण जागेवर येतं. अनुस्वाराच्या ठिपक्यावर मात्र मी विसंबत नाही. सपाट ब्रशने किंवा बोरूने टेकवलेला ठिपका बऱ्याचदा चौकोनी वा शंकरपाळ्यासारखा असतो.

पाटीला चौकट नसेल, किंवा कोपरा झाडाआड गेला असेल, तर शिरोरेषा कामाला येते. पेंटर लिहायच्या आधी खडूच्या दोरीने आखणी करतात, एक रेघ वर आणि एक खाली. वरच्या रेघेवर शिरोरेषा जाते, खालच्या रेघेवर दांड्या टेकतात. या दोन रेघा फोटोत लांबवल्या, की त्यांच्यामधली पट्टी हेच आपलं चौकोनाचं काम करते. बाजू म्हणून पहिल्या आणि शेवटच्या अक्षराची उभी दांडी धरायची. कलात्मक लेखनात शिरोरेषा तुटक असते, लहरत जाते, कधी सोडूनच दिलेली असते. तशा वेळी तिच्यापेक्षा दांड्यांची खालची टोकं अधिक भरवशाची ठरतात.

आता मजकुराकडे येऊ. आपल्या फोटोत ‘अंबिका’ने ११.२ सेंटिमीटर घेतले, ‘वस्त्र’ने २.८ आणि ‘भांडार’ने २. पहिला शब्द शेवटच्या शब्दाच्या साडेपाच पटींहून रुंद दिसतो आणि वाटतं, की पेंटरची जागा संपली म्हणून त्याने शेवटी अक्षरं कोंबली. चार भाग पाडल्यावर कळतं, की ‘अंबिका’ बरोबर अर्ध्या पाटीवर, म्हणजे २ मीटरवर पसरलंय आणि उरलेले दोन शब्द एकेक मीटरवर. खरा फरक फक्त दुपटीचा आहे आणि तो हेतुपुरस्सर आहे. मालकाला देवीचं नाव ठसठशीत हवं होतं, धंद्याचं नाव त्याखालोखाल. राहिलेला जवळपास पावणेतीन पटींचा फरक कॅमेऱ्याने घातलेला होता. अक्षरांमधल्या अंतरावरून पेंटरच्या कौशल्याबद्दल काही बोलायचं असेल, तर हे दोन हिस्से आधी वेगळे करावे लागतात. फोटो सरळ करून झाल्यावरही जे अंतर कमी-जास्त उरतं, तेवढंच पेंटरचं.

शेवटचा शब्द ‘भांडार’ आहे की ‘भंडार’? दोन्ही रूपं पाट्यांवर सर्रास दिसतात आणि फरक एका कान्याचा आहे. इथे शब्द वाचायचा प्रयत्नच करू नये. आधी दांड्या मोजाव्यात. ‘भांडार’मध्ये पूर्ण उंचीच्या तीन उभ्या रेषा असतात: भ ची दांडी, तिच्यामागचा काना आणि ड नंतरचा काना. ‘भंडार’मध्ये दोनच. भ ची दांडी आणि काना खऱ्या पाटीवर १४ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर छापील फोटोत ते पावणेतीन मिलिमीटरवर येतात. दोन दांड्या वेगळ्या मोजण्याइतकं हे अंतर आहे. आपला डोळा ओळखीचा शब्द पाहिला, की नसलेली रेषाही भरून घेतो. म्हणून मोजणी आधी आणि वाचन नंतर, हा क्रम मी कधी सोडत नाही. ज्याने पाटी कधी पाहिलेली नाही अशा दुसऱ्या माणसाकडून मोजून घेतलं तर आणखी चांगलं.

याच टप्प्यावर शेडिंगही फसवतं. पेंटर अक्षराच्या उजव्या बाजूला आणि खाली गडद रंगाची सावली देतात. फोटो दाबला गेला, की सावलीची कड वेगळी दांडी वाटू लागते आणि दोनाच्या तीन होतात. ओळखण्याची खूण अशी, की सावली प्रत्येक उभ्या रेषेला एकाच बाजूला आणि एकाच अंतरावर असते. जी रेषा प्रत्येक दांडीमागे इमानाने येते, ती अक्षराचा भाग नाही.

भ आणि म मधला फरक वेगळ्या जातीचा आहे. भ ला डावीकडे वर गाठ असते आणि शिरोरेषेला खिंड. ही खिंड आडव्या दिशेची, त्यामुळे दाबात सर्वांत आधी तीच बुजते. गाठ उंचीच्या दिशेने असते, म्हणून जास्त काळ टिकते. दूरच्या टोकाला भ-म, ध-घ यांचा निवाडा करताना खिंडीकडे न बघता गाठीकडे बघावं.

या सगळ्याला दोन मर्यादा आहेत. पहिली बारकाव्यांची. मोबाइलच्या फोटोत पाटी १,००० बिंदू रुंद आली असेल, तर आपल्या हिशेबाने शेवटच्या मीटरच्या वाट्याला १२५ बिंदू येतात. ‘भांडार’मधल्या दोन शेजारच्या दांड्यांत मग १७-१८ बिंदूंचं अंतर राहतं आणि काम होतं. तीच पाटी रस्त्याच्या दृश्यात कोपऱ्यात २०० बिंदूंची असेल, तर ते अंतर साडेतीन बिंदूंवर येतं आणि फोटो साठवताना होणाऱ्या दाबणीत दोन्ही दांड्या एकजीव होतात. सरळ करणारं गणित त्या जागी फक्त धूसर रंग ताणतं. तिथे ‘भां/भं’ असंच लिहून ठेवावं.

दुसरी मर्यादा उठावाच्या अक्षरांची. मराठी पाट्यांच्या सक्तीवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्यानंतर पुष्कळ नव्या पाट्या लागल्या. नव्या पाट्यांत अ‍ॅक्रिलिकची किंवा आत दिवे असलेली, पाटीपासून पुढे आलेली अक्षरं बरीच दिसतात. कोपरे जुळवण्याचं गणित सपाट पृष्ठालाच लागू पडतं. ५ सेंटिमीटर जाड अक्षर आपल्या उदाहरणातल्या दूरच्या टोकाला असेल, तर त्याची बाजू मागच्या पाटीचे १५ सेंटिमीटर झाकते. म्हणजे १४ सेंटिमीटरवरचा काना आणि भ ची दांडी यांच्यातली फट पूर्ण बुजते, फोटो कितीही स्पष्ट असो. अशा पाटीसाठी रस्ता ओलांडावा आणि पलीकडून झूम करून फोटो घ्यावा. भिंतीपासून १२ मीटरवर गेलं, तर पाटीच्या रेषेत जागा तीच ठेवूनही झाकला जाणारा भाग १५ सेंटिमीटरवरून अडीचवर येतो. रस्ता ओलांडणं शक्यच नसेल, तर पाटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिकडूनही एक फोटो काढावा. पहिल्या फोटोत जे टोक दबलेलं असतं, तेच दुसऱ्यात मोकळं मिळतं.