४० मिनिटांचा तास, ४० एमबीमध्ये

वर्गात फोन तिपाईवर लावून ४० मिनिटांचा तास १०८० च्या दर्जात रेकॉर्ड केला, तर बहुतेक फोनवर मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास जागा जाते. म्हणजे पूर्ण तासाची फाइल झाली ५ जीबीची. ज्या घरात वडिलांच्या फोनवर रोजचा दीड जीबीचा पॅक आहे, तिथे हा एक तास तीन दिवसांचा डेटा संपवून चौथ्या दिवसात शिरतो. पॅक संपला की नेट पूर्ण बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने ५ जीबी उतरवायला सात दिवस आणि सात रात्री लागतील. हाच तास साधारण ४० एमबीमध्ये बसवता येतो, आणि नुसता ऐकायचा असेल तर ७ एमबीमध्ये. काय टाकायचं आणि काय राखायचं, एवढं मात्र आपण ठरवायला हवं.

बहुतेक जण ते ठरवत नाहीत. व्हिडिओ चढवतात आणि मुलांना सांगतात, ‘नेट कमी असेल तर १४४ वर बघा.’ यात काय होतं ते दहावीच्या बीजगणिताच्या तासावर बघू. फळा चार फूट उंचीचा आहे आणि तो कॅमेऱ्यात वरपासून खालपर्यंत बरोबर भरला आहे. सरांनी दोन इंच उंचीच्या अक्षरात लिहिलं: 2x² − 7x + 3 = 0. दोन इंच म्हणजे फळ्याच्या उंचीचा चोविसावा भाग. व्हिडिओत १४४ ओळी असतील तर अक्षराच्या वाट्याला फक्त ६ ओळी येतात, आणि डोक्यावरच्या छोट्या २ ला जेमतेम ३. वजा चिन्हाची गत तर त्याहून वाईट. खडूची रेघ जाडीला चार-पाच मिलिमीटर असते, ती १४४ च्या चित्रात एका ओळीच्या अर्ध्याएवढी उरते. म्हणजे ती पुसट करड्या डागासारखी दिसते किंवा दिसतच नाही. वजा गेलं की मुलगी वहीत 2x² + 7x + 3 = 0 उतरवते. उत्तरं ३ आणि १/२ यायची, ती उणे ३ आणि उणे १/२ येतात. चूक तिची नसते, पण तिला ते कळायला मार्ग नसतो.

चित्र ४८० ओळींचं ठेवलं तर त्याच अक्षराला २० ओळी मिळतात, घातांकाला दहा आणि वजाच्या रेघेला जवळपास दोन. एवढं वाचता येतं. म्हणून फळ्याच्या तासात ४८० च्या खाली जायचं नाही. बचत दुसरीकडे करायची.

ती करता येते, कारण व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात दाखवलेले २५-३० फोटो, ज्यांना फ्रेम म्हणतात. सिनेमातल्या पाठलागाला त्या सगळ्या लागतात. फळ्यासमोर उभ्या माणसाला लागत नाहीत. सेकंदाला ८ फ्रेम ठेवल्या तर सरांचा हात थोडा झटक्याझटक्याने हलताना दिसतो, पण लिहिलेलं तसंच राहतं. शिवाय व्हिडिओ लहान करणारी पद्धत प्रत्येक फ्रेम नव्याने साठवत नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं, मुख्यतः तेवढंच साठवते. स्थिर फळा तिला जवळजवळ फुकट पडतो. हलतं सगळं महाग पडतं: हातात धरलेल्या फोनचा कंप, चौकटीत आलेला पंखा, खिडकीबाहेरची पानं, अगदी अंधाऱ्या वर्गात चित्रावर येणारी बारीक मुंग्यांसारखी हालचालसुद्धा.

त्यामुळे निम्मं काम रेकॉर्डिंगच्या आधीच होतं. फोन तिपाईवर किंवा बाकावर घट्ट टेकवावा. खिडकी आणि पंखा चौकटीबाहेर ठेवावा, फळ्यावर उजेड असावा. आडव्या धरलेल्या फोनमध्ये चार फूट उंची भरली की रुंदी सात फुटांच्या आसपास मावते, आठ फुटी फळ्याची एक बाजू बाहेर राहते. तिथे खडूने उभी रेघ मारून ठेवावी आणि रेघेपलीकडे लिहू नये. संपूर्ण वर्ग दिसावा म्हणून फोन मागच्या बाकावर नेला की फळा निम्म्या उंचीचा होतो, अक्षरंही निम्मी होतात, आणि पुढे काही केलं तरी ती परत येत नाहीत.

आता फाइल लहान करणं. संगणकावर ffmpeg हे मोफत साधन असेल तर एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i tas.mp4 -vf "scale=-2:480,fps=8" -c:v libx264 -preset slow -crf 30 -c:a aac -ac 1 -b:a 48k -movflags +faststart tas-lahan.mp4
```

यात 480 म्हणजे चित्राच्या ओळी आणि fps=8 म्हणजे सेकंदाला आठ फ्रेम. crf हा आकडा वाढवला की फाइल लहान होते आणि चित्र खराब होतं. नेहमीचा २३ असतो, स्थिर फळ्याला ३० चालतो. खडूच्या कडा विरघळायला लागल्या तर २८ वर यावं. -ac 1 ने आवाज एकाच वाहिनीचा होतो, बोलण्याला दोन लागत नाहीत. शेवटचं faststart लहानसं आहे, पण विसरू नये. फाइल कशी वाचायची याची सूची एरवी फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे कित्येकदा सगळी उतरल्याशिवाय चित्र सुरूच होत नाही. या शब्दाने ती सूची सुरुवातीला येते आणि उतरता उतरता बघता येतं. याहून नव्या पद्धतींनी फाइल आणखी लहान होते, पण जुन्या स्वस्त फोनवर ती अडखळत चालते. म्हणून इथे जुनी, सगळीकडे चालणारी पद्धत घेतली आहे. आज्ञा टाइप करायच्या नसतील तर HandBrake या मोफत प्रोग्रॅममध्ये हेच सगळं खुणा करून निवडता येतं. तिथे faststart च्या जागी Web Optimized लिहिलेलं दिसेल.

फाइल किती मोठी होणार याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला किती किलोबिट लागतात त्याला एकूण सेकंदांनी गुणायचं आणि ८ ने भागायचं, की किलोबाइट मिळतात. आवाजाचे ४८ आणि चित्राचे ८०-९० धरले तर ४० मिनिटांच्या, म्हणजे २४०० सेकंदांच्या तासाला ४० एमबी होतात. फाइल दीडशेच्या पुढे गेली, तर चौकटीत काहीतरी सतत हलतंय किंवा उजेड कमी आहे असं समजावं.

तरीही ६४ केबीपीएसवर अडकलेल्या मुलाला ४० एमबी उतरवायला ८० मिनिटांहून जास्त वेळ लागतो. त्याच्यासाठी आवाज वेगळा काढावा. ओपस नावाची आवाजाची पद्धत २०१२ मध्ये प्रमाणित झाली आणि व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज त्याच पद्धतीने जातात. २४ किलोबिटमध्ये ती माणसाचं बोलणं स्वच्छ ठेवते:

```
ffmpeg -i tas.mp4 -vn -ac 1 -c:a libopus -b:a 24k tas-awaj.ogg
```

हा तास ७ एमबीचा होतो आणि ६४ च्या वेगानेही पंधरा मिनिटांत उतरतो. सोबत फळ्याचे फोटो द्यावेत. फळा पुसण्याआधी सर बाजूला झाले की तो क्षण मूळ रेकॉर्डिंगमधून उचलावा:

```
ffmpeg -ss 12:40 -i tas.mp4 -frames:v 1 fala-3.jpg
```

मूळ व्हिडिओ १०८० चा असल्याने हा फोटो लहान व्हिडिओपेक्षा जास्त स्पष्ट येतो. एका तासात असे आठ-दहा फोटो होतात आणि थोडे लहान करून पाठवले तर सगळे मिळून एक-दोन एमबीत बसतात. फोटोवर क्रमांक आणि मिनिट लिहिलं की आवाजाशी मेळ बसतो.

पण आवाजाची फाइल उपयोगी पडणार की नाही हे शिकवणाऱ्याच्या बोलण्यावर ठरतं. ‘हे इकडे गेलं, म्हणून याचं चिन्ह बदललं’ हे वाक्य वर्गात पूर्ण असतं, कानाला मात्र रिकामं लागतं. ‘बी म्हणजे वजा सात, त्याचा वर्ग एकोणपन्नास. चार गुणिले दोन गुणिले तीन, चोवीस. एकोणपन्नास वजा चोवीस, विवेचक आला पंचवीस’ असं बोललं तर डोळे मिटूनही गणित सोडवता येतं. बोट दाखवलं की त्या गोष्टीचं नावही घ्यायचं, ही सवय शिक्षकाला लागायला थोडे दिवस जातात. ती लागली की वर्गात मागे बसलेल्यांनाही फायदा होतो. माइक तोंडाजवळ असणं तितकंच महत्त्वाचं. शर्टाला लावायचा साधा वायरचा माइक पुरतो. तो नसेल तर दुसरा फोन खिशात ठेवून आवाज त्यावर रेकॉर्ड करावा. दहा फुटांवरून घेतलेला आवाज पंख्याच्या घरघरीसकट येतो, आणि २४ किलोबिटमध्ये घरघर आणि बोलणं एकमेकांत मिसळून जातं.

पाठवण्यात एक फसगत नेहमी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून फाइल टाकली की ते अ‍ॅप ती पुन्हा दाबतं आणि एवढी राखलेली अक्षरं पुसट करून टाकतं. ती Document म्हणून टाकावी, मग जशीच्या तशी पोचते. संपूर्ण तास एका फाइलमध्ये देऊ नये. रेंज गेली की बऱ्याचदा उतरवणं पहिल्यापासून करावं लागतं. हजेरी आणि गोंधळाची मिनिटं कापून, जिथे एक उदाहरण संपतं तिथे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत. व्हिडिओचा तुकडा मग १० एमबीचा आणि आवाजाचा दोनपेक्षा कमी एमबीचा होतो. संदेशात आकार लिहावा: ‘वर्गसमीकरणे, भाग २. बघायचा १० एमबी, ऐकायचा २ एमबी.’ मग कुठला घ्यायचा हे मूल आपला पॅक बघून ठरवतं.

पाठवण्याआधीची तपासणी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर करून उपयोग नाही. वर्गातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर, इअरफोन न लावता, तो तास न ऐकलेल्या कोणालातरी दोन मिनिटं बघायला द्यावं आणि समीकरण कागदावर उतरवायला सांगावं. वजा, दशांश चिन्ह आणि घातांक बरोबर उतरले तर फाइल चालेल.

प्रत्येक तासाला ही कृती लागू पडत नाही. विज्ञानाच्या तासात लंबकाचे झोके मोजायचे असतील तर आठ फ्रेममध्ये झोका तुटक दिसतो. असा मिनिट-दोन मिनिटांचा भाग पूर्ण फ्रेम ठेवून वेगळा द्यावा. नकाशा किंवा रंगीत आकृती समजावायची असेल तर व्हिडिओपेक्षा चांगला फोटो आणि आवाज बरा.

मूळ ५ जीबीची फाइल पुसू नका. शाळेच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा, गावाहून शाळेत येणाऱ्या मुलाला ती मेमरी कार्डवर घालून देता येते. मोठ्या फाइलमधून लहान कितीही वेळा काढता येते, लहानातून मोठी परत मिळत नाही.